कॉफीचा एक कप आणि रक्तदाब: तासाभराची वाढ आणि सवयीचा परिणाम

या टिपणात आपण एकच प्रश्न नीट पाहणार आहोत. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने एक कप कॉफी घेतली तर पुढच्या काही तासांत त्याच्या रक्तदाबाचे काय होते? आणि रोज कॉफी पिणाऱ्याच्या बाबतीत तेच का घडत नाही, किंवा पूर्णपणे का घडत नाही? मी वैद्यकाचा शिक्षक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात मापन आणि उपकरणे हा विषय शिकवतो. या प्रश्नाशी माझी गाठ पडली तीही मापनाच्या वाटेनेच.

आमच्या महाविद्यालयात कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर होते. आमच्या विभागातले एक प्रयोगशाळा सहाय्यक, वय ५२, चार वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी रोज घेतात. शिबिरात त्यांचा रक्तदाब १५२/९४ भरला. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, बहुधा गोळी वाढवावी लागेल, असे सांगितले. घरच्या यंत्रावर मात्र त्यांना १३८ च्या आसपास आकडा दिसायचा. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, घरचं यंत्र चुकतंय की शिबिरातलं?" मी विचारले, तपासणीआधी काय केले होते? रांग मोठी होती, म्हणून कँटीनमधून आणलेली कडक फिल्टर कॉफी दोन कप झाली होती. ती संयोजकांनीच ठेवली होती, तपासणीच्या टेबलाशेजारी! एरवी ते दिवसाकाठी अर्धा कप चहा घेणारे गृहस्थ.

दोन्ही यंत्रे बरोबर असू शकतात, हे त्यांना पटवायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात काय केले ते पुढे येईलच. आधी शरीरात काय होते ते पाहू.

कॅफिन नेमके काय करते

आपल्या शरीरातल्या पेशी काम करताना ॲडेनोसिन नावाचे रसायन तयार होते. ते पेशींच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटते. मेंदूत त्याचा परिणाम म्हणजे गुंगी, झोप. अनेक रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये त्याचा परिणाम म्हणजे स्नायू सैल पडणे, वाहिनी रुंदावणे. कॅफिनच्या रेणूची घडण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की तो त्याच ग्राहीत जाऊन बसतो, पण पुढचे काही करत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून राहावी तसे. खरी किल्ली आत जाऊ शकत नाही, आणि ॲडेनोसिनचा सैल पाडणारा परिणाम तेवढा वेळ थांबतो. म्हणजे कॅफिन रक्तवाहिनीला थेट आवळत नाही, तिला सैल ठेवणारा हात बाजूला करते. शिवाय कॉफीची सवय नसलेल्यांमध्ये ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही संप्रेरकेही वाढतात, तीही वाहिन्या आवळतात.

विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे एका ओळीत सांगता येते. V = I × R हे सूत्र तुम्ही जाणता. शरीरात दाबाची जागा V ची, हृदय दर मिनिटाला ढकलते त्या रक्ताची जागा I ची, आणि लहान धमन्यांच्या विरोधाची जागा R ची. अनेकांची समजूत असते की कॉफीने धडधड वाढते, म्हणून दाब वाढतो, म्हणजे I वाढतो. प्रत्यक्ष मोजले तर नेहमीच्या मात्रेत नाडीचा वेग बहुतेकांमध्ये फारसा बदलत नाही, कधी किंचित कमीही होतो. दाबातली वाढ मुख्यतः R मधून येते.

आमच्या सहाय्यकांचे घरचे आकडे घेऊन हे करून पाहू. कॉफीआधीची त्यांची सरासरी १३८/८६ आणि कॉफीनंतर तासाभराने १४६/९२ होती. सरासरी धमनी दाब काढण्यासाठी खालच्या आकड्यात दोन आकड्यांमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवतात. आधी ८६ + ५२/३, म्हणजे सुमारे १०३. नंतर ९२ + ५४/३, म्हणजे ११०. नाडी दोन्ही वेळा ७२ च्या आसपास होती. म्हणून हृदयाचा प्रवाह बदलला नाही असे धरले तर विरोध सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढला.

आता द्रवयांत्रिकी आठवा. नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. विरोध साडेसहा टक्क्यांनी वाढण्यासाठी त्रिज्या किती कमी व्हायला हवी? १.०६५ चे चौथे मूळ १.०१६ आहे. म्हणजे त्रिज्येत जेमतेम दीड ते पावणेदोन टक्के घट पुरते. रक्तवाहिनी ही ताठ नळी नाही, रक्तही पाण्यासारखे वागत नाही, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच समजावा. पण वाहिन्यांमधला इतका सूक्ष्म बदल पट्ट्यावर आठ अंकांनी का दिसतो, याचे उत्तर त्या चौथ्या घातात आहे.

किती वाढ, किती वेळ

उच्च रक्तदाब असलेल्यांवर याचे बरेच नियंत्रित प्रयोग झाले आहेत. माद्रिदमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ते एकत्र करून पाहिले. २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिननंतर वरचा आकडा सरासरी ८.१ ने आणि खालचा ५.७ ने वाढलेला आढळला. एकक अर्थात मिलिमीटर पारा. ही वाढ पहिल्या तासाभरात दिसू लागली आणि तीन तासांपर्यंत टिकली.

२०० ते ३०० मिलिग्रॅम म्हणजे किती कॉफी? इथे गोंधळ फार होतो, कारण आपल्याकडे कप या शब्दाला ठरलेले माप नाही. इन्स्टंट कॉफीच्या भुकटीत कॅफिन साधारण तीन टक्के असते. दोन ग्रॅमचा सपाट चमचा घातला तर ६० मिलिग्रॅम. फिल्टर कॉफीचा हिशेब पुडीवरच्या चिकोरीपासून सुरू होतो. चिकोरीत कॅफिन नसते, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या मिश्रणात कॉफी निम्म्याहून थोडी जास्त असली तरी चालते. त्यातली कॉफी अरेबिका असेल तर कॅफिन सव्वा टक्क्याच्या आसपास, रोबस्टा असेल तर जवळपास दुप्पट. त्यामुळे डिकॉक्शनच्या एका टंबलरमध्ये ५० मिलिग्रॅमही असू शकते आणि दीडशेही. प्रयोगातला आकडा आपल्या कपाला लावण्याआधी एवढी आकडेमोड करावीच लागते. एका लहान कागदी पेल्यातल्या पातळ कॉफीने आठ अंकांची वाढ होईल अशी अपेक्षा धरू नये.

उच्च रक्तदाब असणाऱ्यांचाच वेगळा विचार का? कारण सारखीच मात्रा दिली तरी त्यांच्यात वाढ जास्त दिसते. अमेरिकेत लोव्हालो आणि सहकाऱ्यांनी पुरुषांचे त्यांच्या रक्तदाबानुसार गट पाडून, वजनाच्या प्रमाणात कॅफिन देऊन तुलना केली होती. निदान झालेल्या उच्च रक्तदाबाच्या गटातली वाढ आदर्श रक्तदाब असलेल्या गटाच्या सुमारे दीडपट होती. दुसरे कारण साधे आहे. ज्याचा मूळ आकडा ११२ आहे त्याचा १२० झाला तर कोणताही निर्णय बदलत नाही. ज्याचा १३८ आहे त्याचा १४६ झाला की तो १४०/९० ही रेषा ओलांडतो, आणि औषध वाढवण्याचा विचार तिथूनच सुरू होतो.

या वेळापत्रकातून मापनाची एक अडचण निघते. रक्तदाब मोजण्याआधी किमान अर्धा तास कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, अशी सूचना बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये असते. अर्धा तास ही किमान अट आहे, पण लोक ती पुरेशी समजतात. कॉफी पिऊन पस्तीस मिनिटांनी मोजणारा नियम पाळतो, आणि तरीही परिणाम चढत असतानाच मोजतो. सवय नसलेल्याने खरा मूळ आकडा हवा असेल तर सकाळी, कॉफीच्या आधी मोजावे. ते जमणार नसेल तर मधे तीन-चार तास जाऊ द्यावेत.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असणाऱ्यांनी हे दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. नोकरीत रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी असते. रात्रभर जागून, सकाळी दोन-तीन कप कॉफी किंवा एखादे एनर्जी ड्रिंक पिऊन तपासणीला जाणारी मुले मी पाहिली आहेत. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, कॉफी न पिणाऱ्या नऊ निरोगी तरुणांना २५० मिलिग्रॅम कॅफिन दिले होते. तासाभराने त्यांचा रक्तदाब सरासरी १४/१० ने वाढला. रोजचा १२८/८० असलेल्या मुलाच्या कागदावर १४२/९० लिहिले जाणे यात काही नवल नाही.

मग रोज पिणाऱ्यांचे काय?

रोज चार कप पिणाऱ्याचा रक्तदाब दिवसभर आठ-दहा अंकांनी वर राहत असता, तर कॉफी पिणाऱ्या समाजांमध्ये तो फरक सहज दिसला असता. तसे दिसत नाही. त्याचे मुख्य कारण शरीराची सवय, औषधशास्त्रात तिला टॉलरन्स म्हणतात.

रॉबर्टसन यांच्याच गटाने १९८१ मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना २५० मिलिग्रॅम कॅफिन दिवसातून तीन वेळा, असे सात दिवस दिले. पहिल्या मात्रेला रक्तदाब आणि संप्रेरके दोन्ही उसळली. पुढच्या एक ते चार दिवसांत ही उसळी जवळपास नाहीशी झाली. कॅफिन रक्तात होतेच, पण शरीराने त्याला दाद देणे थांबवले.

हे कसे होते? ग्राही सतत अडवल्या गेल्या की शरीर ॲडेनोसिनची बाजू बळकट करते. ग्राहींची संख्या आणि संवेदनशीलता वाढण्याकडे कल असतो. कुलपे अडकवून ठेवली म्हणून आणखी कुलपे बसवल्यासारखे. काही दिवसांत वाहिन्या सैल ठेवणारा हात पुन्हा जागेवर येतो. याचा पुरावा म्हणून कॉफी अचानक सोडणाऱ्याची डोकेदुखी पाहा. किल्ली काढली, पण जास्तीची कुलपे तशीच राहिली. आता ॲडेनोसिनचा परिणाम नेहमीपेक्षा जास्त होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांनी डोके दुखू लागते.

पण 'सवय झाली की परिणाम शून्य' हे वाक्य मात्र मला खटकते, आणि ते सर्रास लिहिले जाते. लोव्हालो यांच्या गटाने २००४ मध्ये हेच तपासले. स्वयंसेवकांनी पाच-पाच दिवस दिवसाला ०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम कॅफिन घेतले, कोणत्या आठवड्यात काय घेतोय हे त्यांना माहीत नव्हते. सहाव्या दिवशी प्रयोगशाळेत २५० मिलिग्रॅमची मात्रा देऊन रक्तदाब मोजला. सरासरीत प्रतिसाद कमी झाला होता, पण सुमारे निम्म्या लोकांमध्ये रोजच्या सवयीनंतरही रक्तदाब वाढतच होता. म्हणजे काहींमध्ये सवय पूर्ण होते, काहींमध्ये अर्धवट. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे तुमच्या कपांच्या संख्येवरून कळत नाही. मोजावेच लागते.

अर्धवट सवयीमागचे एक कारण रात्रीची झोप आहे. निरोगी प्रौढाच्या रक्तातले कॅफिन निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री दहाला ५० उरते, पहाटे तीनला २५, सकाळी आठला साडेबारा. म्हणजे दिवसाचा पहिला कप तुलनेने रिकाम्या शरीरात जातो, आणि सवयीचा काही भाग रात्रीत विरलेला असतो. अर्थात पाच तास हा मधला आकडा आहे. यकृतातले सीवायपी१ए२ नावाचे विकर कॅफिन मोडते. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ते जोरात चालते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये बरेच मंदावते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचे प्रतिजैविक ते अडवते. एरवी न जाणवणारी कॉफी त्या गोळीच्या दिवसांत हात थरथरवते ती यामुळे.

आणखी एक गोष्ट. कॉफी म्हणजे निव्वळ कॅफिन नव्हे. झुरिकमधल्या कोर्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॉफी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या लोकांना एस्प्रेसो दिली. न पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब वाढला, पिणाऱ्यांचा नाही. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण कॅफिन काढून टाकलेल्या एस्प्रेसोनेही न पिणाऱ्यांचा रक्तदाब वाढला! आणि कॅफिन थेट शिरेतून दिले तेव्हा दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच होता. म्हणजे कॉफीतले दुसरे काहीतरीही या खेळात आहे, आणि सवय ही केवळ कॅफिनची नसून कॉफीची आहे. दीर्घकाळच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेबही त्याच दिशेने बोलतो. २००५ मधल्या एका संकलनात रोज कॅफिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी चारने वाढलेला होता, तर रोज कॉफी पिणाऱ्यांचा जेमतेम सव्वाने. माद्रिदच्या संकलनातही, उच्च रक्तदाब असलेल्यांनी दोन आठवडे कॉफी पिऊन त्यांचा रक्तदाब कॅफिनविरहित आहाराच्या तुलनेत वाढलेला दिसला नाही.

आठवडाभराचे मोजमाप

आता आमच्या सहाय्यकांकडे परत येऊ. त्यांचे दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र होते. अशा यंत्रांच्या प्रमाणीकरणात सरासरी चूक ५ पर्यंत आणि विचलन ८ पर्यंत असली तरी यंत्र उत्तीर्ण होते. म्हणजे एकदा आधी आणि एकदा नंतर मोजून आलेला आठचा फरक काहीच सिद्ध करत नाही. तो यंत्राचा असू शकतो, जिना चढल्याचा असू शकतो, मोजताना बोलल्याचाही असू शकतो.

म्हणून सहा सकाळी मोजायचे ठरवले. रोज साडेसहाला, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, पाच मिनिटे बसून, एक-एक मिनिटाच्या अंतराने तीन नोंदी. पहिली सोडून द्यायची, उरलेल्या दोहोंची सरासरी घ्यायची. मग तीन सकाळी चार ग्रॅम इन्स्टंट कॉफी, म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅफिन, आणि उरलेल्या तीन सकाळी तेवढेच गरम दूध. कोणत्या दिवशी काय, ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवले. तासाभराने त्याच खुर्चीवर पुन्हा तशाच तीन नोंदी. त्या तासात जिना नाही, फोन नाही. गोळी आणि नाश्ता दुसऱ्या मापनानंतर लगेच. दुधाचे दिवस का हवेत, असे त्यांनी विचारले. सकाळी उठल्यावर रक्तदाब आपोआपही वर सरकतो. दुधाच्या दिवसांशिवाय ती वाढ आपण कॉफीच्या खात्यावर टाकली असती.

वरच्या आकड्यातला बदल कॉफीच्या दिवशी +९, +६, +१० असा आला. दुधाच्या दिवशी −२, +३, −१. एका बाजूची सरासरी सव्वाआठ, दुसरीची शून्य. कॉफीचा सर्वांत छोटा बदलही दुधाच्या सर्वांत मोठ्या बदलापेक्षा जास्त आहे. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता किती? सहा दिवसांतून तीन निवडण्याचे वीस प्रकार होतात, त्यांतल्या एकाच प्रकारात सगळे मोठे आकडे कॉफीच्या बाजूला पडतात. म्हणजे वीसात एक. शोधनिबंधाला हे थोडे, पण गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलायला भरपूर. एक उणीव मात्र राहिली. आपण कॉफी पितोय हे त्यांना माहीत होते, आणि आकडा वाढणार या कल्पनेनेही आकडा वाढतो.

शिबिरातले १५२ यातून पूर्ण उलगडत नाहीत. १३८ आणि आठ मिळून १४६ होतात. तिथे कॉफी दुप्पट होती, शिवाय रांग, गप्पा आणि खुर्चीला पाठ नव्हती. उरलेले सहा कुठून आले हे आता वेगळे काढता येणार नाही.

आमच्याच विभागात कुंभकोणमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांनाही रक्तदाब आहे, आणि तीस वर्षांपासून रोज चार टंबलर डिग्री कॉफी. हा उद्योग पाहून त्यांनीही यंत्र मागून घेतले. त्यांच्या सकाळच्या पहिल्या टंबलरनंतर चार-पाच अंकांची वाढ दिसली, अकराच्या टंबलरनंतर काहीच नाही. वर सांगितलेल्या अर्धवट सवयीशी आणि रात्रीच्या खंडाशी हे जुळते, पण नोंदी मोजक्या होत्या. मी त्यांना म्हटले, दोन दिवस कॉफी बंद ठेवून मग मोजू. पहिल्या दिवशी संध्याकाळी डोके धरून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला प्रयोग संपल्याचे त्यांनीच जाहीर केले. त्या टंबलरनंतर वाढ नऊची होती. एकच नोंद, तीही डोकेदुखीच्या माणसाची, म्हणून तिच्यावर भार टाकत नाही.

हे कुठपर्यंत लागू आहे

वरचे बहुतेक प्रयोग सौम्य ते मध्यम उच्च रक्तदाब असलेल्यांवर झाले आहेत. १६०/१०० आणि त्यापुढच्या लोकांबद्दल चित्र वेगळे असू शकते. जपानमध्ये हजारो लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात, रक्तदाब १६०/१०० किंवा अधिक असून रोज दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू होण्याचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. रोज एक कप पिणाऱ्यांमध्ये तसा वाढीव धोका दिसला नाही, आणि ग्रीन टीतही कॅफिन असूनही तिच्याबाबत तो दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कॉफीमुळेच मृत्यू झाले असे त्यातून म्हणता येत नाही. पण ज्याचा रक्तदाब औषधानेही आटोक्यात आलेला नाही, त्याने 'सवय आहे, मला काही होत नाही' या भरवशावर राहू नये, एवढे त्यातून नक्की निघते. उलट बाजूने, घरी आलेले कमी आकडे पाहून स्वतःच गोळी कमी करणे तितकेच धोक्याचे. वरच्या मोजमापाचा उपयोग डॉक्टरांपुढे आकडे ठेवण्यापुरता आहे.

आमच्या सहाय्यकांनी सहा दिवसांचा कागद त्यांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी गोळी तीच ठेवली, महिनाभर रोज सकाळी कॉफीआधी मोजायला सांगितले, आणि सकाळची सरासरी १३८ हीसुद्धा काठावरच आहे म्हणून जेवणातले मीठ आणि लोणचे कमी करायला लावले. लोणच्यावरून घरी वाद झाला, असे कळले. शिबिराच्या संयोजकांना मी पुढच्या वेळी कॉफीचे टेबल तपासणीच्या पलीकडे, बाहेर पडायच्या दाराशी लावायला सांगितले आहे.